कुरतडलेल्या नोटा आणि चाळीस-ऐंशीचा हिशेब



प्रत्येक घरात एक फाटकी नोट असतेच. कुणाच्या देव्हाऱ्याच्या खणात, कुणाच्या मसाल्याच्या डब्याखाली, कुणाच्या जुन्या पासबुकात. ती टाकवत नाही आणि खपतही नाही. भाजीवाली हातात घेताच ओळखते, दुकानदार न बघताच परत सरकवतो. मग आपण ती पुन्हा जागच्या जागी ठेवून देतो आणि दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा हातात येते.

बँकेत अशी नोट बदलून मिळते हे बहुतेकींना ऐकून माहीत असते. पण किती फाटलेली चालते, पूर्ण पैसे कधी मिळतात, अर्धे कधी आणि काहीच कधी मिळत नाही, हे विचारले तर जो तो वेगळे सांगतो. कुणी म्हणते दोन्ही नंबर शाबूत हवेत, कुणी म्हणते गांधीजींचा चेहरा हवा, कुणी म्हणते अर्ध्याहून जास्त असली की झाले. मी बी.कॉम. आहे. नोकरी केली नाही, पण आकडे नीट जुळल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या नोटांमुळे मी हा नियम मुळापासून समजून घेतला आणि तो किती नेटका आहे हे तेव्हा कळले. आज तोच सांगते.

आधी बँक खराब नोटांचे प्रकार कसे करते ते पाहू. पहिला प्रकार मळक्या नोटेचा. वापरून वापरून काळवंडलेली, मऊ पडलेली, घडीवर विरलेली नोट ही मळकी. आणि लक्षात ठेवा, बरोबर मधून दोन तुकडे झालेली पण काहीही न हरवलेली नोटही मळकीच धरतात. दोन्ही तुकडे एकाच नोटेचे हवेत आणि फाटलेली रेघ नंबरावरून गेलेली नसावी. अशा नोटेला मोजमाप लागत नाही, पूर्ण किंमत मिळते. दिवसाला वीस नोटांपर्यंत आणि एकूण पाच हजार रुपयांपर्यंत काउंटरवर लगेच आणि फुकट बदलून मिळतात. त्याहून जास्त असतील तर बँक पावती देऊन ठेवून घेते आणि त्यासाठी शुल्क लावू शकते.

दुसरा प्रकार फाटक्या नोटेचा. हिचा काही भाग हरवलेला असतो किंवा दोनापेक्षा जास्त तुकडे झालेले असतात. खरा प्रश्न हिचाच. कारण इथे किती शिल्लक आहे हे मोजावे लागते. रिझर्व्ह बँकेचे यासाठी 2009 चे नोट परतावा नियम आहेत. नव्या, आकाराने लहान नोटा आल्यावर 2018 च्या सप्टेंबरात त्यांत दुरुस्ती झाली. आज जे चालते ते असे.

वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वात मोठा अखंड तुकडा निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे. निम्मा किंवा त्याहून कमी असेल तर काही नाही. या छोट्या नोटांना अर्धी किंमत हा प्रकारच नाही.

पन्नास रुपये आणि त्यावरच्या नोटेचा सर्वात मोठा अखंड तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे. चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर अर्धे. चाळीस टक्क्यांहून कमी असेल तर काही नाही. दुरुस्तीपूर्वी पूर्ण पैशांची हद्द ऐंशी नव्हे तर पासष्ट टक्के होती. जुन्या लेखांतून आणि फिरत्या संदेशांतून अजून तो आकडा दिसतो, तो सोडून द्या.

यात ‘अखंड’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. बँक सगळे तुकडे जोडून बेरीज करत नाही. एका सलग तुकड्याचे क्षेत्रफळ बघते. माझ्या जावेला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “हा काय न्याय? नोट तर माझीच, तुकडे माझेच, मग बेरीज का नाही करायची?” उत्तर आकड्यांतच आहे. समजा, एका नोटेचे दोन तुकडे झाले आणि दोन वेगळ्या माणसांनी ते दोन वेगळ्या बँकांत नेले. बँकेला दुसऱ्या तुकड्याचा पत्ता नाही. तरीही एका नोटेचे पैसे एकदाच गेले पाहिजेत. आता हद्दी तपासा. एका तुकड्यावर पूर्ण पैसे मिळायचे तर तो ऐंशीच्या वर हवा, म्हणजे उरलेला वीसच्या आत आणि त्याला शून्य. एकाला अर्धे मिळाले तर दुसऱ्याला फार तर अर्धेच मिळू शकतात. अर्धे अधिक अर्धे म्हणजे एक पूर्ण, त्यापलीकडे नाही. वीस रुपयांच्या नोटेचे तर निम्म्याहून मोठे दोन तुकडे होऊच शकत नाहीत. कसेही फाडा, कुठेही न्या, खाते जुळतेच. ज्याने हा हिशेब बसवला त्याला माझा नमस्कार.

याच हिशेबातून एक सवलत निघते आणि नेमकी तीच फार थोड्यांना माहीत असते. पन्नास किंवा त्यावरच्या नोटेचे दोन तुकडे तुमच्याकडे असतील, मधला काही भाग हरवला असेल, पण दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे चाळीस टक्के किंवा जास्त असतील, तर त्या नोटेचे पूर्ण पैसे मिळतात. अर्धे अधिक अर्धे. म्हणून लहान तुकडा कधी फेकू नये. तोच पुष्कळदा अर्ध्या नोटेची पूर्ण नोट करतो.

आता मावशींची गोष्ट सांगते, म्हणजे हे आकडे हाताशी येतील.

मावशी पगारातले थोडे थोडे पैसे तांदळाच्या डब्यात, कापडी पिशवीत ठेवत. नातीच्या शाळेच्या दप्तरासाठी आणि वह्यांसाठी ती शिल्लक होती. डब्याचे झाकण एका बाजूने चेपलेले. त्या फटीतून उंदीर शिरला आणि त्याने तांदूळ खाल्ला तो खाल्ला, वर पिशवी आणि नोटाही कुरतडल्या. मावशी त्या दिवशी कणीक मळता मळता थांबल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “वहिनी, अठराशे वीस रुपये होते. बाजारात एक जण फाटक्या नोटा घेतो, त्याला दाखवल्या. सातशे देतो म्हणाला. घेऊन टाकू का?”

मी म्हटले, “आधी मला दाखवा. सगळे आणा, चुरासुद्धा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदाच्या पुडीत सगळे आणले. मी नातवाच्या वहीतला आलेख कागद घेतला, एक सेंटिमीटरचे चौकोन असलेला. त्यावर नोट सपाट ठेवायची, कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. कुरतडलेली कड वेडीवाकडी असते, म्हणून निम्म्याहून जास्त भरलेला चौकोन पूर्ण धरायचा, निम्म्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा. बँकेतही क्षेत्रफळच बघतात, त्यामुळे घरी आलेला अंदाज फार चुकत नाही. पूर्ण नोटेचे क्षेत्रफळ काढायला लांबी गुणिले रुंदी. पाचशेची नोट 15 सेंटिमीटर लांब आणि 6.6 सेंटिमीटर रुंद, म्हणजे 99 चौकोन. दोनशेची 14.6 बाय 6.6, म्हणजे साधारण 96. नवी वीसची 12.9 बाय 6.3, म्हणजे साधारण 81.

पुडीत पाचशेच्या तीन नोटा होत्या, दोनशेची एक, वीसची एक आणि शंभराची एक.

शंभराची नोट उंदराने नव्हे, घडीने फाटली होती. दोन तुकडे, पण काहीच हरवलेले नाही आणि नंबर शाबूत. ती मळक्या नोटेत जाणार. शंभर रुपये पक्के. ती मी वेगळी काढली.

पाचशेच्या पहिल्या नोटेचा फक्त कोपरा गेला होता. बारा चौकोन कमी. 99 मधून 12 गेले, राहिले 87. म्हणजे अठ्ठ्याऐंशी टक्के. ऐंशीच्या वर, पूर्ण पाचशे.

दुसरी नोट पाहून मावशींनी आशाच सोडली होती. ती घडी घालून ठेवलेली, उंदराने नेमकी घडीच खाल्ली, त्यामुळे मधली सव्वा सेंटिमीटरची पट्टी गायब आणि नोटेचे दोन वेगळे तुकडे. मी दोन्ही मोजले. एक 46 चौकोनांचा, दुसरा 45 चौकोनांचा. 99 चे चाळीस टक्के म्हणजे चाळीसला जरासे कमी. दोन्ही तुकडे त्याच्या वर. शिवाय पाचशेच्या नोटेवर नंबर दोन ठिकाणी असतो, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. दोन्ही तुकड्यांवर एकेक नंबर होता आणि तो सारखाच होता. हे तुकडे एकाच नोटेचे आहेत याला आणखी पुरावा काय हवा? पूर्ण पाचशे.

तिसरी नोट मात्र एका बाजूने बरीच खाल्लेली. एकच तुकडा, 63 चौकोन. चाळीस आणि ऐंशीच्या मधे. अर्धी किंमत, अडीचशे. बाकीचा चुरा होता, पण त्यात चाळीस चौकोनांचा तुकडा असणे शक्यच नव्हते. जिथे आशा नाही तिथे वेळ घालवायचा नाही, तीही नोट बाजूला ठेवली.

वीसच्या नोटेचे 44 चौकोन राहिले होते. 81 चे निम्मे साडेचाळीस. थोडक्यात वाचली, पूर्ण वीस रुपये.

राहिली दोनशेची. तिचा पुडीत एकच तुकडा होता, 35 चौकोनांचा. 96 चे चाळीस टक्के म्हणजे साडेअडतीस. तीन-साडेतीन चौकोन कमी पडत होते आणि नियमाप्रमाणे तिची किंमत शून्य होती. मी मावशींना विचारले, “पिशवी कुठे आहे?” त्या म्हणाल्या, पिशवी तर कचऱ्यात टाकायला काढून ठेवली. त्याच पावली घरी पाठवले. पिशवीच्या शिवणीत दुमडून अडकलेला दुसरा तुकडा निघाला, चांगला 53 चौकोनांचा. आता मोठा तुकडा पंचावन्न टक्के झाला. अर्धी किंमत, शंभर रुपये.

इथे मावशींनी अगदी योग्य प्रश्न विचारला. “दोन्ही तुकडे मिळाले, तर मग पूर्ण का नाही?” खरे आहे, 53 अधिक 35 म्हणजे 88 चौकोन. नोटेचा दहाव्या भागाहूनही कमी हरवलेला. पाचशेच्या पहिल्या नोटेतून याहून जास्त गेले होते आणि तिला पूर्ण पैसे! फरक एवढाच की ती अखंड होती आणि ही दुभंगली, तीही अशी की लहान तुकडा चाळीस टक्क्यांना पुरला नाही. किती हरवले यापेक्षा कुठून फाटले याला जास्त किंमत आहे. बरोबर मधून फाटलेली नोट वाचते, एक तृतीयांशावर फाटलेली निम्मी बुडते.

आमच्या शेजारची कॉलेजातली मुलगी हे सगळे बघत होती. ती म्हणाली, “काकू, त्या चुऱ्यातले तीन-चार चौकोन त्या लहान तुकड्याला चिकटवले तर?” चिकटवून तुकडा अखंड होत नाही. आणि दुसऱ्या नोटेचा भाग चिकटवला तर ती सरळ लबाडी. मुद्दाम कापलेल्या, फाडलेल्या, जोडकाम केलेल्या नोटेचा दावा अधिकारी फेटाळतात आणि ते ओळखणे त्यांना अवघड नसते. नंबर जुळत नाहीत, छपाईची नक्षी सरकते, बऱ्याच नोटा एकाच जागी सरळ रेषेत कापलेल्या दिसतात. आपण अचौर्याचे नाव घेणारी माणसे, त्या वाटेला जायचेच नाही.

त्यामुळे मी कुठल्याही नोटेला चिकटपट्टी लावली नाही. पट्टीखाली कड दिसत नाही, तुकडे एकमेकांवर चढले तर क्षेत्रफळ कमी भरते आणि अधिकाऱ्याला उगाच शंका येते. प्रत्येक नोटेचे तुकडे वेगळ्या पारदर्शक पिशवीत घातले आणि वर चिठ्ठी लावली, पाचशे दोन तुकडे, दोनशे दोन तुकडे, अशी.

आमचा अंदाज झाला, शंभर, पाचशे, पाचशे, अडीचशे, वीस आणि शंभर. एकूण चौदाशे सत्तर. बाजारातला माणूस सातशे देत होता. तो काही वेगळी विद्या करत नाही. तोही त्या नोटा कुठेतरी बदलूनच घेणार. आपल्याला नियम माहीत नसतो, त्यावर त्याचा धंदा चालतो.

मग आम्ही जवळच्या एका बँकेच्या शाखेत गेलो. मावशींचे तिथे खाते नव्हते, माझेही नव्हते. ते लागतही नाही. नोटा बदलून देणे ही सोय सर्व लोकांसाठी आहे, फक्त खातेदारांसाठी नाही. स्मॉल फायनान्स बँका आणि पेमेंट बँका यांना मात्र फाटक्या नोटा घेणे ऐच्छिक आहे, म्हणून तिथे गेलो नाही.

रोखपालाने पिशव्या बघितल्या आणि न उघडताच म्हणाला, “मॅडम, असल्या नोटा इथे नाही घेत. मेन ब्रँचला जा.” हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून नीट सांगते. मी आवाज चढवला नाही. एवढेच म्हटले, “पाच फाटक्या नोटा आहेत आणि एक मळकी. मॅनेजरसाहेबांना भेटते.”

पाच हा आकडा मुद्दाम सांगितला. एका दिवसात पाचपर्यंत फाटक्या नोटा आणल्या तर साध्या शाखेनेही त्या तिथेच तपासून पैसे द्यावेत, अशी अपेक्षा आहे. शाखेला निर्णय देणे जमत नसेल तर तिने पावती देऊन नोटा ठेवून घ्यायच्या, आपल्या करन्सी चेस्ट असलेल्या शाखेकडे पाठवायच्या आणि तीस दिवसांच्या आत पैसे द्यायचे. करन्सी चेस्ट म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा साठा जिथे ठेवलेला असतो ती शाखा. नोटा पाचाहून जास्त असतील तरच आपल्याला त्या चेस्टच्या शाखेत जावे लागते. पाच हजारांपर्यंतच्या असतील तर खात्याचा तपशील लिहून विमा उतरवलेल्या टपालाने पाठवताही येतात. शंभराची नोट मळक्यात गेल्यामुळे आमच्या फाटक्या नोटा बरोबर पाच झाल्या. ती वेगळी काढली नसती तर सहा झाल्या असत्या आणि ‘मेन ब्रँचला जा’ हे उत्तर बरोबर ठरले असते.

मॅनेजर तरुण होते, कामात होते, पण ऐकून घेतले. नियमाने निर्णय देणारा अधिकारी शाखेत असतोच. त्यांनी एकेक पिशवी उघडली, नोट उजेडासमोर धरून सुरक्षा धागा पाहिला, दोन्ही नंबर वाचले, पट्टीने मापे घेतली. घडी खाल्लेल्या पाचशेवर थोडे थांबले. मी फक्त म्हटले, “दोन्ही तुकडे चाळीसच्या वर आहेत.” त्यांनी पुन्हा मोजले, मान हलवली आणि तारखेचा ‘पे’ शिक्का मारून सही केली. दोनशेला अर्धे, तिसऱ्या पाचशेला अर्धे. मावशींच्या हातात चौदाशे सत्तर रुपये आले. त्यांनी ते बँकेतच दोनदा मोजले.

त्या शिक्क्याबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. मंजूर झाली तर ‘पे’ आणि नामंजूर झाली तर ‘रिजेक्ट’ असा शिक्का नोटेवर बसतो. एकदा शिक्का बसला की ती नोट दुसऱ्या कुठल्याही शाखेत चालत नाही. म्हणून मी पिशवी शोधायला लावली. 35 चौकोनांचा तो तुकडा तसाच नेला असता तर त्यावर ‘रिजेक्ट’ बसला असता आणि नंतर शिवणीत दुसरा तुकडा सापडून फारसा उपयोग झाला नसता. आधी सगळा डबा, पिशवी, कपाटाचा तळ झाडून बघायचा, मग बँकेत जायचे.

आता तुमच्या मनात येणाऱ्या दोन-तीन नोटांबद्दल. धुण्याच्या यंत्रातून निघालेली नोट पुसट होते, कधी आक्रसते. तिच्यावरचे छापील वाचता येत असेल आणि ती खरी आहे याची अधिकाऱ्याला खात्री पटली, तर तिचेही पैसे मिळतात. हळद-कुंकू लागलेली किंवा पेनाने आकडा लिहिलेली नोट चलनात चालते, बँकही घेते. लक्ष्मीपूजनाच्या नोटेवर कुंकवाचा डाग पडला म्हणून घाबरू नका. पण नोटेवर राजकीय घोषणा किंवा धार्मिक मजकूर, चिन्ह लिहिलेले असेल तर तो दावा नामंजूर होतो. आपल्याकडे चोपडीपूजनाला काही जण भक्तिभावाने नोटेवरच स्वस्तिक काढतात. स्वस्तिक वहीवर शोभते, पाटावर शोभते. नोट त्याच्याजवळ नुसती ठेवावी.

आणि एक प्रकार असा आहे की शाखा त्याला हात लावत नाही. जळून कोळसा झालेल्या, हात लावताच भुगा होणाऱ्या किंवा एकमेकींना चिकटून गठ्ठा झालेल्या नोटा. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात कितीतरी घरांत कपाटे पाण्याखाली होती, तेव्हापासून हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अशा नोटा रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच न्याव्या लागतात, तिथे त्यांच्यासाठी वेगळी पद्धत आहे. आपल्या राज्यात मुंबई, बेलापूर आणि नागपूर इथे ही कार्यालये आहेत. ओल्या गठ्ठ्यातल्या नोटा सहज सुटल्या तर सावलीत वाळवाव्या. सुटत नसतील तर ओढू नयेत, कारण ओढताना अखंड नोटेचे तीन तुकडे होतात आणि मग तोच चाळीस-ऐंशीचा हिशेब मागे लागतो. गठ्ठा जसा आहे तसा, पुठ्ठ्याच्या डब्यात, न हलवता न्यावा.

शाखेने नोटा घ्यायलाच नकार दिला तर भांडू नका. बाहेर किंवा काउंटरजवळ, मळक्या व फाटक्या नोटा इथे बदलून मिळतील, असा फलक लावणे शाखांना बंधनकारक आहे. तो शोधा आणि त्याकडे बोट दाखवा. तरीही नाहीच म्हणाले तर लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in इथे तक्रार करता येते, तीही फुकट.

मावशींचे साडेतीनशे रुपये मात्र गेलेच. अडीचशे त्या तिसऱ्या पाचशेचे, शंभर दोनशेच्या नोटेचे. नियम कुणाचे दुःख बघत नाही, चौकोन बघतो. पण तो सगळ्यांना सारखाच बघतो. बाजारातला माणूस मावशींचा चेहरा बघून भाव करत होता, बँकेच्या पट्टीला तो दिसत नाही. या आठवड्यात खणातली ती जुनी नोट काढा, नातवंडाकडून आलेख कागद मागून घ्या आणि तिचा सर्वात मोठा तुकडा मोजा. लहान तुकडाही शेजारी ठेवा.

जय जिनेंद्र.